कॉलेजचा लॅपटॉप: ऑफर, हप्ते आणि वॉरंटी यांचा एकत्र हिशोब

जून उजाडला की लॅपटॉपच्या दुकानांवर ‘बॅक टू कॉलेज’चे फलक लागतात. फलकावर मोठ्या अक्षरात तीन गोष्टी असतात: हप्ता किती, सोबत फुकट काय, आणि प्रोसेसरचं नाव. लॅपटॉप चार वर्षं टिकणार की दुसऱ्याच वर्षी घरच्यांना पुन्हा पैसे काढावे लागणार, हे मात्र दुसऱ्याच तीन गोष्टींवर ठरतं. पूर्ण मॉडेल नंबर, एकरकमी दिल्यास पडणारी किंमत आणि वॉरंटीचा कागद. या तिन्ही गोष्टी फलकावर नसतात, मागून घ्याव्या लागतात.

सगळ्या कोर्सेसना एकच सल्ला लागू पडत नाही, म्हणून इथे एकच उदाहरण शेवटपर्यंत धरलं आहे. सांगलीची मुलगी, कॉम्प्युटर इंजिनिअरिंगला पुण्यात प्रवेश, हॉस्टेलला राहणार, शिक्षण चार वर्षं, बजेट साठ हजारांच्या आसपास. हिशोबातले दर समजण्यापुरते घेतले आहेत. तुमच्या हातातल्या कोटेशनचे आकडे त्या जागी टाकले की तोच हिशोब तुमचा होईल.

पहिली पायरी: दुकानात जाण्याआधी काम ठरवा

कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षी सी किंवा पायथन, थोडं ड्रॉइंग आणि बाकी पीडीएफ-असाइनमेंट, एवढंच काम असतं. ते कुठल्याही बऱ्या लॅपटॉपवर होतं. खरा भार दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पडतो. डेटाबेस, व्हर्च्युअल मशीन, अँड्रॉइड स्टुडिओ आणि ब्राउझरचे पंधरा टॅब एकाच वेळी उघडे असतात. अशा वेळी आधी रॅम कमी पडते, प्रोसेसरची कुरकुर नंतर येते. म्हणून या मुलीसाठी 16 जीबी रॅम आणि 512 जीबी एनव्हीएमई एसएसडी ही खालची मर्यादा धरा. 512 जीबीची एसएसडी विंडोजमध्ये साधारण 476 जीबी दिसते. मोजण्याची पद्धत वेगळी असल्यामुळे तसं दिसतं, त्यात फसवणूक नाही.

वेगळं ग्राफिक्स कार्ड तिला लागत नाही. गेमिंग लॅपटॉपचं वजन सव्वादोन किलोच्या घरात आणि चार्जर वेगळा, आणि लेक्चर हॉलमध्ये दर बाकाजवळ प्लग नसतो. आर्किटेक्चरच्या किंवा थ्रीडी मॉडेलिंग करणाऱ्या मेकॅनिकलच्या मुलांची गोष्ट निराळी, त्यांना वेगळं ग्राफिक्स कार्ड हवंच. सॉलिडवर्क्ससारखी सॉफ्टवेअर विंडोजवरच चालणारी असल्यामुळे मॅकबुक घेण्याआधी अशा विद्यार्थ्यांनी विभागातल्या सीनिअरला विचारून घ्यावं. बी.कॉम.च्या विद्यार्थ्यासाठी 8 जीबी रॅमवर भागतं, पण पुढे रॅम वाढवायला जागा असलेलं मॉडेल बघा.

दुसरी पायरी: स्टिकर सोडा, पूर्ण मॉडेल नंबर लिहून घ्या

‘आय फाइव्ह आहे’, ‘रायझन फाइव्ह आहे’ एवढ्यावर काहीच कळत नाही. त्यापुढचे आकडे आणि शेवटचं अक्षर महत्त्वाचं.

रायझनच्या 7000 मालिकेत चार आकडे असतात. पहिला आकडा प्रोसेसर कोणत्या वर्षीच्या यादीत टाकला ते सांगतो. आतली रचना किती जुनी, हे तिसऱ्या आकड्यावरून कळतं. Ryzen 5 7520U मध्ये तिसरा आकडा 2, म्हणजे झेन 2 ही 2019 साली आलेली रचना, आणि एकाच वेळी काम करणारे कोअर फक्त 4. Ryzen 5 7530U मध्ये तिसरा आकडा 3, म्हणजे झेन 3, आणि कोअर 6. दोन्हींवर ‘रायझन 5’चंच स्टिकर लागतं, बोलताना दोन्ही नावं सारखीच वाटतात. शिवाय 7520U सोबतची रॅम बोर्डवर सोल्डर केलेलीच असते, म्हणजे 8 जीबीचं मॉडेल घेतलं की ते कायमचं 8 जीबी.

इंटेलच्या बाजूला उलट प्रकारची गफलत होते. i5-1334U आणि i7-1355U या दोन्हींत 10 कोअर आहेत, 2 मोठे आणि 8 लहान. आय सेव्हनचा वेग थोडा जास्त आणि आतलं ग्राफिक्स थोडं बरं, पण कोडिंग करणाऱ्या मुलीला तो फरक रोजच्या कामात जाणवणार नाही. शेवटी U असलेले प्रोसेसर कमी वीज खातात, H असलेले जास्त खातात आणि जास्त वेळ जोर लावू शकतात. i5-13420H मध्ये 4 मोठे कोअर आहेत, म्हणून लांबलेल्या कामात तो U वाल्या आय सेव्हनलाही मागे टाकू शकतो, मात्र बॅटरी लवकर उतरते. नुसत्या ‘आय सेव्हन’ या नावासाठी सहा-सात हजार जास्त मागत असतील, तर ते पैसे वॉरंटीला ठेवा.

रॅमबद्दल दुकानात एक प्रकार सर्रास चालतो. कंपनीकडून 8 जीबीने आलेल्या लॅपटॉपमध्ये दुकानदार आपल्याकडची 8 जीबीची पट्टी बसवतो आणि ‘16 जीबी’ म्हणून विकतो. तसं करण्यात काही वाईट नाही, पण त्या पट्टीची जबाबदारी लॅपटॉपच्या कंपनीची नसते. तक्रार घेऊन गेलात की सर्व्हिस सेंटर ‘बाहेरची पट्टी काढून दाखवा’ म्हणतं, आणि बसवताना आत काही तुटलं असेल तर वॉरंटीच नाकारली जाते. ओळखायचं सोपं आहे. खोक्यावरच्या लेबलवर रॅम किती छापली आहे ते बघा. लेबलवर 8 आणि स्क्रीनवर 16 दिसत असेल, तर बिलावर त्या पट्टीची वेगळी ओळ, तिची कंपनी आणि तिची स्वतंत्र वॉरंटी लिहून मागा.

स्क्रीन दुकानाच्या झगमगाटात नीट कळत नाही. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात. 250 निट्सची स्क्रीन खोलीत पुरते, खिडकीशेजारी किंवा व्हरांड्यात फिकी पडते. 300 च्या वर मिळाली तर चांगलं. आयपीएस पॅनल आहे का ते विचारा, आणि लॅपटॉप उभा धरून, खाली वाकून, बाजूने अशा तिन्ही बाजूंनी बघा. रंग उलटे दिसू लागले तर पॅनल हलकं आहे. बॅटरीचा आकडा वॉट-अवर मध्ये विचारा, ‘दहा तास चालते’ यावर जाऊ नका. ब्राउझर आणि कोड एडिटर एवढ्या कामाला लॅपटॉप साधारण 8 ते 10 वॉट खातो, म्हणजे 42 वॉट-अवरची बॅटरी चार-पाच तास आणि 56 ची सहा तासांच्या आसपास.

मॉडेल नंबर खोक्याच्या लेबलवर असतो, शेवटच्या दोन-चार अक्षरांसकट. ती शेवटची अक्षरंच रॅम, स्क्रीन आणि वॉरंटीचा प्रकार सांगतात. मोबाइलवर त्याचा फोटो काढा, कोटेशनवरही तोच नंबर लिहायला लावा. त्याच लेबलवर उत्पादनाचा किंवा आयातीचा महिना-वर्ष आणि एमआरपी असते. दीड वर्ष गोदामात पडून असलेल्या मालावर सूट मोठी दिसते, पण बॅटरी तेवढी जुनी असते.

तिसरी पायरी: दोन किमती विचारा

दुकानात पहिला प्रश्न असा टाका: “आत्ता पूर्ण पैसे दिले तर फायनल किती? आणि हप्त्याने घेतला तर एकूण किती?” दोन्ही आकडे कागदावर घ्या. अनेकदा पहिला आकडा दोन-चार हजारांनी कमी निघतो. ‘नो कॉस्ट ईएमआय’ची खरी किंमत याच फरकात असते.

बिनव्याजी कर्ज असं काही नसतंच, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर 2013 मध्ये बँकांना स्पष्ट बजावलं आहे. नो कॉस्ट योजनेत बँक व्याज लावतेच. तेवढी रक्कम दुकानदार किंवा कंपनी आधीच किमतीतून वजा करते, म्हणून बेरीज सारखी दिसते. आपल्या उदाहरणात 60,000 रुपयांचा लॅपटॉप, 9 हप्ते, बँकेचा दर वर्षाला 16 टक्के.

हप्ता 60,000 भागिले 9, म्हणजे 6,667 रुपये. कार्डावर कर्ज म्हणून प्रत्यक्षात पडतात सुमारे 56,188. उरलेले 3,812 म्हणजे नऊ महिन्यांचं व्याज, ते सूट म्हणून आधीच दाखवलेलं असतं. इथवर हिशोब ठीक आहे. पण क्रेडिट कार्डाच्या व्याजावर 18 टक्के जीएसटी लागतो, आणि तो तुमच्या खिशातून जातो. पहिल्या महिन्यात व्याज सुमारे 749 रुपये, त्यावर जीएसटी 135. म्हणून पहिल्या स्टेटमेंटला 6,667 ऐवजी 6,802 दिसतात आणि घरात गोंधळ होतो. पुढे दर महिन्याला हा जीएसटी कमी होत जातो, नऊ महिन्यांत मिळून सुमारे 686 रुपये. त्यात प्रोसेसिंग फी समजा 199 अधिक जीएसटी, म्हणजे 235. एकूण जादा खर्च 921 रुपये.

साठ हजारांच्या वस्तूवर नऊशे रुपये म्हणजे फार नाही. पण आता त्याच दुकानात पूर्ण पैशांत लॅपटॉप 57,000 ला मिळत असेल, तर तुम्ही 57,000 ची वस्तू 60,921 ला घेत आहात. फरक 3,921 रुपयांचा, आणि नऊ महिन्यांच्या हिशोबाने त्याचा दर वर्षाला 16 टक्क्यांच्या वर जातो. म्हणजे व्याज पूर्णच भरलं, फक्त नाव वेगळं. पूर्ण पैशांची किंमतही 60,000 च असेल, तर मात्र हप्ता घेण्यात काही चूक नाही.

निम्मे पैसे हाताशी असतील तर दुकानात निम्मी रक्कम यूपीआयने आणि उरलेली कार्डावर हप्त्याने घ्यायला सांगून बघा. ऑनलाइन खरेदीत हे सहसा जमत नाही.

कॅशबॅकची अट वाचल्याशिवाय तो किमतीतून वजा करू नका. ‘इन्स्टंट डिस्काउंट’ बिलातच कमी होतो. कॅशबॅक दोन-तीन महिन्यांनी कार्डावर येतो, आणि हप्ते मध्येच बंद केले किंवा वस्तू परत केली तर येतच नाही. हप्ता सुरू असेपर्यंत कार्डाची तेवढी मर्यादा अडकून राहते, हेही लक्षात ठेवा. त्याच महिन्यात हॉस्टेलची फी त्याच कार्डावर भरायची असेल तर पंचाईत होते.

क्रेडिट कार्ड नसेल तर दुकानातला फायनान्सवाला पुढे येतो. इथे ‘12 हप्ते, 4 अ‍ॅडव्हान्स’ अशी भाषा असते. 60,000 च्या वस्तूला 5,000 चे 4 हप्ते, म्हणजे 20,000, आधी भरायचे आणि 40,000 आठ महिन्यांत फेडायचे. योजना वाईट नाही, पण फलकावर ‘12 महिने’ असलं तरी हातात आठच महिने मिळतात. आणि प्रोसेसिंग फी मात्र पूर्ण लागते. ती 40,000 वर किती टक्के पडते ते बघा.

फायनान्सच्या कर्जावर सही करण्याआधी ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ मागा. 1 ऑक्टोबर 2024 पासून अशा किरकोळ कर्जांसाठी ते देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे. त्यात एपीआर नावाचा आकडा असतो, सगळ्या फी धरून वर्षाचा खरा दर. दोन योजनांची तुलना त्याच आकड्यावर करा. आणि कर्जाची रक्कम बिलाच्या रकमेशी ताडून बघा. जास्त निघाली तर विमा, ईएमआय कार्डाची वर्गणी किंवा दुकानाची वॉरंटी त्यात घुसवलेली असते. ‘हे काढून टाका’ म्हटलं की बहुतेक वेळा काढतात, मात्र ओटीपी देण्याआधी. ओटीपी गेल्यावर तुमची संमती झाली असं धरलं जातं.

विद्यार्थ्याला पगार नसतो, म्हणून कर्ज आई किंवा वडिलांच्या नावावर होतं, आणि फायनान्सला बिलही त्याच नावावर लागतं. विद्यार्थी ऑफरला कॉलेजचं ओळखपत्र हवं असतं. ते प्रवेशाच्या दिवसांत हातात नसतं, अशा वेळी अ‍ॅलॉटमेंट लेटर आणि फीची पावती चालते का, आणि बिल पालकांच्या नावावर असलं तर वॉरंटीची ऑफर मिळते का, हे दोन प्रश्न पैसे देण्याआधीच विचारा. नंतर बिलावरचं नाव बदलून मिळत नाही.

हप्त्याची तारीख घरात पैसे येण्याच्या तारखेनंतर चार-पाच दिवसांची मागा. ऊसबिलावर किंवा हंगामी उत्पन्नावर घर चालत असेल तर महिन्याच्या हप्त्याचा मेळ बसत नाही. अशा वेळी तीन हप्त्यांची रक्कम त्या खात्यात आधीच बाजूला ठेवून मगच कर्ज घ्यावं. एक हप्ता चुकला की फायनान्स कंपनी दंड लावते, बँक वेगळा लावते, आणि ज्याच्या नावावर कर्ज आहे त्याचा सिबिल स्कोअर खाली येतो. पुढच्या वर्षी शैक्षणिक कर्जाला सहकर्जदार म्हणून त्याच पालकांची सही लागणार असेल, तर हे महागात पडतं. शैक्षणिक कर्ज काढायचंच ठरलं असेल तर त्यातच लॅपटॉपचं कोटेशन जोडता येतं का ते शाखेत विचारा. अभ्यासक्रमाला लागणाऱ्या संगणकाचा खर्च बँकांच्या आदर्श शिक्षणकर्ज योजनेत धरला जातो.

चौथी पायरी: वॉरंटी कोणाची, किती, कशाची

शिक्षण चार वर्षांचं आणि वॉरंटी एका वर्षाची, हे गणित आधी बघा. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी मदरबोर्ड गेला तर त्याचा खर्च बऱ्याचदा लॅपटॉपच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शापासून निम्म्यापर्यंत जातो, आणि मग नवीनच घ्यावा का असा विचार सुरू होतो. म्हणून बॅग, हेडफोन आणि माउस यांच्या बदल्यात वॉरंटीची दोन वर्षं वाढवून मिळत असतील तर डोळे झाकून वॉरंटी घ्या.

वाढीव वॉरंटी दोन प्रकारची असते. एक लॅपटॉपच्या कंपनीची. ती सिरियल नंबरला जोडली जाते, कंपनीच्या संकेतस्थळावर दिसते आणि देशात कुठल्याही अधिकृत केंद्रात चालते. दुसरी दुकानाची किंवा एखाद्या वेगळ्याच कंपनीची योजना. तिच्यात दुरुस्ती ते ठरवतील तिथे होते, पैसे आधी तुम्ही भरून नंतर परत मिळतात, किंवा वर्षागणिक घसारा कापला जातो. सांगलीच्या दुकानाची योजना घेतली आणि लॅपटॉप पुण्यात बंद पडला, तर तो सांगलीला न्यायचा की काय, हे आधी विचारा. या मुलीसाठी कंपनीची वॉरंटीच योग्य.

मग प्रकार. ऑनसाइट म्हणजे इंजिनिअर पत्त्यावर येतो, कॅरी-इन म्हणजे लॅपटॉप घेऊन केंद्रात जायचं. हॉस्टेलला ऑनसाइट घेतली तर तक्रार नोंदवताना पुण्याचाच पत्ता द्या आणि रेक्टरची परवानगी आदल्या दिवशी काढून ठेवा. इंजिनिअर फाटकावरून परत गेला की पुढची तारीख लांबते.

साध्या वॉरंटीत काय नसतं ते नीट समजून घ्या, कारण सगळे वाद इथेच होतात. पडणं, पाणी किंवा चहा सांडणं, स्क्रीनला तडा, हे काहीच त्यात बसत नाही. बिजागरीजवळ प्लास्टिक तडकलं तर तेही बहुतेक वेळा ‘फिजिकल डॅमेज’ म्हणून नाकारलं जातं. त्यासाठी अ‍ॅक्सिडेंटल डॅमेज प्रोटेक्शन नावाची वेगळी योजना असते. ती खरेदीच्या वेळी किंवा पुढच्या काही दिवसांतच घेता येते, आणि बहुतेकदा वर्षाला एकच दावा चालतो. चोरी तिच्यात येत नाही. हॉस्टेलमध्ये एकाच टेबलावर ताट, पाण्याची बाटली आणि लॅपटॉप असतो, म्हणून निदान पहिल्या दोन वर्षांसाठी ही योजना घेण्यासारखी आहे. बॅटरीचं आणखी वेगळं. लॅपटॉपची वॉरंटी तीन वर्षांची झाली तरी बॅटरीची बऱ्याचदा एकाच वर्षाची राहते.

विद्यार्थी ऑफरमधली वाढीव वॉरंटी आपोआप लागत नाही. बिल आणि ओळखपत्र कंपनीच्या संकेतस्थळावर चढवून, काही वेळा थोडी रक्कम भरून, ठरलेल्या मुदतीत ती चालू करावी लागते. मुदत काही आठवड्यांची असते आणि नेमके ते आठवडे हॉस्टेल लावण्यात जातात. दुकानदाराने ‘मी करून देतो’ म्हटलं तरी स्वतः करा.

आता दोन कोटेशन शेजारी ठेवू. पहिल्या दुकानात i7-1355U, कंपनीचे 8 जीबी आणि दुकानाने टाकलेले 8 जीबी, एक वर्षाची वॉरंटी, बॅग आणि हेडफोन, किंमत 63,000, नऊ हप्ते नो कॉस्ट. वरच्याच दराने जीएसटी आणि फी मिळून 955 रुपये, एकूण 63,955. दुसऱ्या दुकानात i5-1334U, कंपनीचेच 16 जीबी, किंमत 60,000, आणि 2,500 रुपयांत कंपनीची आणखी दोन वर्षांची वॉरंटी. हप्त्याने घेतला तर 60,000 अधिक 921 अधिक 2,500, म्हणजे 63,421. पूर्ण पैशांत 57,000 अधिक 2,500, म्हणजे 59,500. हप्त्याची बेरीज जवळपास तेवढीच, पण दुसरीकडे तीन वर्षं निर्धास्त आणि रॅमची भानगड नाही. आम्ही दुसरा घेऊ.

पाचवी पायरी: खोकं उघडताना आणि पहिला दिवस

ऑनलाइन मागवला असेल तर कुरिअरवाल्यासमोर सील न कापता चारी बाजूंनी, मग कापताना, आणि लॅपटॉप पहिल्यांदा सुरू होईपर्यंत सलग व्हिडिओ काढा. दुकानात असाल तर सील तुमच्यासमोर उघडायला सांगा. सिरियल नंबर खोक्यावर, लॅपटॉपच्या तळाला आणि बिलावर, तिन्हीकडे एकच हवा. बिल पक्कं, जीएसटीचं. थर्मल कागदावरचं बिल वर्षभरात पुसट होतं, म्हणून त्याच दिवशी स्कॅन करून आई, वडील आणि विद्यार्थी तिघांच्या फोनवर ठेवा.

दुकानातला माणूस ‘सेटअप करून देतो’ म्हणून स्वतःच्या किंवा कुठल्याशा ईमेलने लॅपटॉप सुरू करतो. हे करू देऊ नका. सोबत आलेलं कायमचं ऑफिस पहिल्यांदा ज्या मायक्रोसॉफ्ट खात्याने घेतलं जातं त्या खात्याला चिकटतं. ते खातं दुकानातल्या माणसाचं असेल तर पुढच्या फॉरमॅटनंतर ऑफिस तुमच्या हाती लागत नाही. विद्यार्थिनीचं कायम वापरातलं स्वतःचं ईमेल घ्या. कॉलेजचं ईमेल शिक्षण संपल्यावर बंद होतं, ते इथे नको. दुकानदार पेन ड्राइव्हमधून ‘फुकट’ सॉफ्टवेअर टाकू लागला तरी नको म्हणा, त्याच वाटेने व्हायरस येतात. ऑटोडेस्कची सॉफ्टवेअर विद्यार्थ्यांना अधिकृतपणे मोफत मिळतात.

लॅपटॉप सुरू झाला की `Ctrl + Shift + Esc` दाबून टास्क मॅनेजर उघडा, `Performance` मध्ये `Memory` वर जा. रॅम किती आणि `Slots used` किती ते तिथे दिसतं. मग पॉवरशेल उघडून हे दोन आदेश द्या:

```
Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber
powercfg /batteryreport
```

पहिल्या आदेशाने आतला सिरियल नंबर दिसतो, तो बिलाशी जुळवा. दुसऱ्याने एक फाइल तयार होते, ती ब्राउझरमध्ये उघडा. `DESIGN CAPACITY` आणि `FULL CHARGE CAPACITY` हे आकडे जवळजवळ सारखे आणि `CYCLE COUNT` शून्याच्या आसपास हवा. तिथे 40-50 चक्रं दिसली तर तो लॅपटॉप आधी कोणीतरी वापरलेला किंवा काउंटरवर मांडलेला आहे. तसाच परत करा.

पूर्ण पांढरं आणि पूर्ण काळं चित्र उघडून स्क्रीनवर न हलणारे ठिपके आहेत का ते बघा. प्रत्येक बटण, दोन्ही बाजूंचे यूएसबी, कॅमेरा, माइक, वाय-फाय तपासा. काही बिघडलेलं निघालं तर ऑनलाइन खरेदीत बदलून घेण्याची मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि बऱ्याच कंपन्या त्यासाठी सर्व्हिस सेंटरचं ‘डीओए’ प्रमाणपत्र मागतात, म्हणजे वस्तू आलीच नादुरुस्त असा कागद. त्याची तक्रार त्याच दिवशी नोंदवा आणि तक्रार क्रमांक जपा. दुकान आणि कंपनी एकमेकांकडे बोट दाखवू लागले तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर 1915.

नंतर कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल नंबर टाकून वॉरंटी संपण्याची तारीख बघा. ती अनेकदा बिलाच्या तारखेऐवजी कारखान्यातून माल निघाला त्या तारखेपासून मोजलेली असते, आणि दोन-चार महिने नकळत गेलेले असतात. बिलाची प्रत चढवून ती दुरुस्त करून घेता येते. हे काम पहिल्याच आठवड्यात सहज होतं. वर्षाच्या शेवटी, लॅपटॉप बंद पडलेला असताना करायला गेलात तर दुरुस्ती अडून राहते.

एक गोष्ट अजून राहते. विंडोज 11 मध्ये मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन-इन केलं की अनेक लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद होते. वॉरंटीत मदरबोर्ड बदलला की सुरू होताना 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते, आणि ती नसेल तर आतला सगळा अभ्यास जातो. `aka.ms/myrecoverykey` या पत्त्यावर त्याच खात्याने जाऊन ती कागदावर उतरवा आणि तो कागद सांगलीला घरी ठेवा, हॉस्टेलच्या कपाटात नको.

शेवटी आईच्या फोनच्या कॅलेंडरमध्ये दोन तारखा टाका. वाढीव वॉरंटी चालू करण्याच्या मुदतीच्या आठ दिवस आधीची पहिली. दुसरी पहिलं वर्ष संपण्याच्या महिनाभर आधीची, कारण बॅटरी आणि चार्जरची वॉरंटी बहुधा तेव्हा संपते. त्या दिवशी बॅटरीचा अहवाल पुन्हा काढा आणि पहिल्या दिवशीच्या अहवालाशेजारी ठेवा. क्षमता हळूहळू उतरली असेल तर ती नेहमीची झीज, तिचा दावा होत नाही. पण चार्ज 30 टक्के दाखवत असताना लॅपटॉप एकदम बंद पडत असेल, बॅटरी फुगून टचपॅड वर आला असेल किंवा चार्जरची वायर हलवल्याशिवाय चार्जिंग होत नसेल, तर त्याच आठवड्यात तक्रार नोंदवा.